‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’ आणि मराठीतील स्थलकालवाचक रूपे



मागील घटकात आपण मराठीतील विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये यांचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात त्या माहितीचा उपयोग आपल्याला भाषांतरासाठी करावयाचा आहे. इंग्रजीतील ‘इन’, ‘ऑन’ आणि ‘ॲट’ ही तीन अव्यये दिसायला लहान आहेत. ‘इन’ म्हणजे ‘आत’, ‘ऑन’ म्हणजे ‘वर’ आणि ‘ॲट’ म्हणजे ‘ला’ किंवा ‘येथे’, असे समीकरण शाळेत आपण पाठ केलेले असते. भाषांतराच्या उत्तरपत्रिका तपासताना असे दिसते की, या समीकरणाने विद्यार्थ्यांना जेवढे तारले त्यापेक्षा अधिक बुडवले आहे. ‘ती विहिरीवर आहे’ या साध्या मराठी वाक्याचे इंग्रजी करताना ‘शी इज ऑन द वेल’ असे लिहिले जाते. ते वाचणाऱ्या इंग्रजी भाषकाच्या डोळ्यांपुढे विहिरीच्या तोंडावर झाकण घालून त्यावर बसलेली बाई उभी राहते. मूळ वाक्यातली बाई पाणी भरायला गेलेली आहे.

चूक ‘वर’ या शब्दाचा अर्थ न कळल्याने झालेली नाही. शब्दाला शब्द जोडण्यापूर्वी प्रसंग पाहिला गेला नाही, म्हणून ती झाली. प्रसंग पाहावयाचा म्हणजे काय, हे समजण्यासाठी व्याकरणपरंपरेतील दोन संज्ञा उपयोगी पडतात. जी वस्तू किंवा व्यक्ती कोठे आहे हे सांगावयाचे असते, ती आधेय. ज्या ठिकाणाच्या संदर्भात तिचे स्थान सांगितले जाते, तो आधार. ‘डब्यात लाडू आहेत’ या वाक्यात लाडू हे आधेय आणि डबा हा आधार. ‘त’, ‘वर’, ‘ला’, ‘शी’ ही रूपे काय किंवा ‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’ ही अव्यये काय, ती या दोहोंमधील नाते सांगतात. मात्र या नात्यांची विभागणी दोन भाषांनी सारख्या ठिकाणी रेषा ओढून केलेली नाही. संस्कृतने तर अशी रेषा फारशी ओढलीच नाही. चटईवर बसणे आणि तिळात तेल असणे या दोन्हींसाठी तिला एकच सप्तमी पुरली. मराठीत ही दोन नाती वेगळी झाली, आणि इंग्रजीने आणखी निराळी वाटणी केली.

घरी, घरात आणि घरावर

आरंभ ‘ॲट’पासून करू, कारण अडचण सर्वाधिक तेथेच येते. ‘ॲट’ला मराठीत शब्द नाही, असे पुष्कळांना वाटते. एका अर्थी ते खरे आहे. पण ‘ॲट’ने व्यक्त होणारे नाते मराठीला अपरिचित नाही. पुढील वाक्य पाहा : ‘बाबा घरी आहेत, पण घरात नाहीत, अंगणात बसले आहेत.’ या वाक्यात कोणत्याही मराठी भाषकाला विसंगती जाणवणार नाही. ‘घरी’ आणि ‘घरात’ यांचा अर्थ एकच असता, तर हे वाक्य ‘आहेत, पण नाहीत’ असे निरर्थक ठरले असते. ‘घरात’ म्हणजे भिंतींच्या आत. ‘घरी’ म्हणजे बाहेर कोठे गेलेले नाहीत, भेटायला आलात तर भेटतील. पहिल्या रूपात घर ही वास्तू आहे, दुसऱ्यात घर हे माणसाचे ठिकाण आहे. म्हणूनच ‘घरात साप शिरला’ असे आपण म्हणतो. ‘घरी साप शिरला’ असे कोणी म्हणत नाही. सापाला ते घर केवळ एक पोकळी आहे.

आता इंग्रजीत पाहा : ‘ही इज ॲट होम, बट ही इज नॉट इन द हाउस.’ हे वाक्यही तितकेच सुसंगत आहे. ‘ॲट’ आधाराची लांबी, रुंदी, आतबाहेर यांचा विचार करीत नाही. ते आधाराकडे नकाशावरील ठिपक्यासारखे पाहते आणि आधेय त्या ठिपक्यापाशी आहे एवढेच सांगते. मराठीतील ‘घरी’ हे ई-प्रत्ययान्त सप्तमीचे रूप नेमके हेच करते. ‘माहेरी’, ‘सासरी’, ‘गावी’, ‘दारी’, ‘ठिकाणी’ ही रूपे त्याच घराण्यातली आहेत. त्यांपैकी पहिल्या तिहींत केवळ जागा नसून माणसाचे त्या जागेशी असलेले नातेही आहे. ‘ती माहेरी आहे’ याचे ‘शी इज ॲट हर पेरेंट्स’ होम’ असे भाषांतर होते. त्याऐवजी ‘इन’ घातले तर ती त्या क्षणी वास्तूच्या आत आहे एवढाच अर्थ हाती येतो आणि माहेरपण निसटते.

अडचण अशी की, हा ‘ई’ आज नव्या शब्दांना लागत नाही. ‘स्टेशनी’, ‘बँकी’, ‘ऑफिसी’ अशी रूपे आपण करू शकत नाही. ‘देऊळ’ या जुन्या शब्दाचेही आज आपण ‘देवळात’ असेच रूप करतो. भाषेतील एक सोय अशी आक्रसली की, तिचे काम दुसऱ्या रूपांकडे जाते. मराठीत ते मुख्यतः ‘त’, ‘वर’ आणि ‘ला’ यांच्याकडे गेले आहे. म्हणून ‘ॲट’ला एक मराठी प्रतिशब्द शोधणे व्यर्थ आहे. त्याऐवजी, हे ठिकाण मराठी कोणत्या रूपाने ओळखते, असे विचारावे.

विहिरीवर आणि विहिरीत

आरंभीच्या विहिरीकडे परत जाऊ. ‘ती विहिरीवर आहे’ आणि ‘ती विहिरीत आहे’ या दोन वाक्यांमध्ये जीवनमरणाचे अंतर आहे. पहिल्यात ती कामाला गेली आहे, दुसऱ्यात ती पडली आहे किंवा पोहायला उतरली आहे. ‘विहिरीवर’ या रूपातील ‘वर’ उंची किंवा पृष्ठभाग दाखवीत नाही. ज्या जागी माणसे विशिष्ट कामासाठी जातात, तिथली उपस्थिती तो दाखवतो. ‘नदीवर धुणे धुवायला गेली’, ‘शेतावर जेवण पोहोचवले’, ‘स्टेशनवर आणायला गेलो’, ‘एसटी स्टँडवर थांब’, ‘कामावर हजर झाला’ ही सारी उदाहरणे याच ‘वर’ची आहेत. याला आपण कार्यस्थळाचा ‘वर’ म्हणू. इंग्रजीत या जागी प्रायः ‘ॲट’ येते : ‘ॲट द वेल’, ‘ॲट द रिव्हर’, ‘ॲट द स्टेशन’, ‘ॲट वर्क’.

मग हा ‘वर’ पृष्ठभागाचा की कार्यस्थळाचा, हे ओळखावे कसे? एक सोपी कसोटी आहे. त्याच नामाला ‘त’ लावून पाहावा आणि अर्थ कोठे सरकतो ते तपासावे. ‘शेतावर’ आणि ‘शेतात’, ‘नदीवर’ आणि ‘नदीत’ या जोड्यांमध्ये ‘त’ आपल्याला मातीत किंवा पाण्यात नेतो, तर ‘वर’ त्या जागेच्या व्यवहारात नेतो. अशी जोडी जमली की, तो ‘वर’ कार्यस्थळाचा आहे असे समजून इंग्रजीत ‘ॲट’चा विचार करावा. ‘टेबलावर पुस्तक आहे’ येथे ही जोडी वेगळ्या तऱ्हेने जुळते. ‘टेबलात’ म्हटले की खण आठवतो, आणि ‘वर’ म्हणजे खरोखरीचा वरचा भाग राहतो. तेथे ‘ऑन’ बिनधोक आहे. मात्र इंग्रजीतील ‘दे सॅट ॲट द टेबल’ हे वाक्य आले, तर मराठीत ‘टेबलाशी बसले’ असेच लिहावे. ‘टेबलावर बसले’ असे लिहिले, तर पाहुण्यांची शिस्त उगाच बिघडते.

उलट दिशेने येतानाही हीच सावधगिरी हवी. ‘नाशिक इज ऑन द गोदावरी’ या वाक्यातील ‘ऑन’ पाण्यावर तरंगणारे शहर दाखवीत नाही. रेषेसारख्या लांबट आधाराला लागून असणे, हाही इंग्रजी ‘ऑन’चा एक नित्याचा अर्थ आहे. मराठीत आपण ‘नाशिक गोदावरीच्या काठी आहे’ असे म्हणतो. पण ‘जायकवाडी धरण गोदावरीवर आहे’ या वाक्यात ‘वर’ बरोबर आहे, कारण धरण नदीचे पात्र अडवून त्यावर उभे असते. नदी एक, इंग्रजी अव्यय एक. मराठीत मात्र शहराला काठ लागतो आणि धरणाला ‘वर’.

गावांच्या नावांबाबत थोडक्यात सांगावयाचे तर, ‘गाडी मनमाडला थांबते’ आणि ‘माझी बहीण मनमाडला राहते’ या दोन्ही वाक्यांत आपण ‘ला’ वापरतो. इंग्रजीत पहिल्या वाक्यात ‘ॲट मनमाड’ आणि दुसऱ्यात ‘इन मनमाड’ असे होईल. गाडीच्या दृष्टीने मनमाड हा मार्गावरचा एक ठिपका आहे, बहिणीच्या दृष्टीने ते चारी बाजूंनी पसरलेले गाव आहे. मराठीतील ‘ला’ हा भेद उघड करीत नाही. तो आपल्याला प्रसंगातून काढावा लागतो.

याउलट, काही वेळा इंग्रजीचा भेद आपल्या ध्यानातून सुटतो आणि वाचणारा काळजीत पडतो. ‘वडील दवाखान्यात आहेत’ हे वाक्य वडील रुग्ण असले तरी चालते आणि ते कोणाला भेटायला गेले असले तरी चालते. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘ही इज इन हॉस्पिटल’ म्हणजे ते दाखल आहेत. ‘ही इज ॲट द हॉस्पिटल’ म्हणजे ते तेथे गेले आहेत, कशासाठी ते ठाऊक नाही. रजेचा अर्ज किंवा परगावच्या नातेवाइकाला निरोप लिहिताना यांतील चुकीचे अव्यय निवडले, तर समोरच्याचा निष्कारण गैरसमज होतो. ‘इन हॉस्पिटल’चे मराठी करताना ‘दाखल आहेत’ असे स्पष्ट म्हणावे. तेथे प्रत्ययाच्या भरवशावर राहू नये.

अंगात, अंगावर, अंगाला

आतापर्यंत इंग्रजी सूक्ष्म आणि मराठी ढोबळ, असा कोणाचा ग्रह झाला असेल तर तो दूर करण्यासाठी आपल्या अंगावरचे कपडेच पुरेसे आहेत. ‘अंगात सदरा’, ‘अंगावर शाल’, ‘अंगाला हळद’ या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत सामान्यतः एकच ‘ऑन’ येईल, कारण इंग्रजीला एवढेच दिसते की वस्तू शरीराच्या बाह्य भागाला टेकलेली आहे. मराठी मात्र वस्तू शरीराला कशी धरून आहे हे पाहते. अंग घालून चढवावयाची वस्तू ‘त’ घेते, नुसती पांघरायची वस्तू ‘वर’ घेते आणि चिकटणारी, माखायची वस्तू ‘ला’ घेते.

हीच दृष्टी इतर अवयवांना लावून पाहा. बोटात अंगठी, पायात चपला, कानात डूल, हातात बांगड्या, या सर्वांत ‘त’ आहे. काटेकोर पाहिले तर बोट अंगठीच्या आत असते, अंगठी बोटाच्या आत नसते! तरीही आपण ‘बोटात अंगठी’ म्हणतो, कारण येथे ‘त’ पोकळी सांगत नसून अडकून, बसून राहण्याचे नाते सांगतो. इंग्रजीत ‘रिंग ऑन हर फिंगर’ आणि ‘शूज ऑन हिज फीट’ असे म्हणतात. मराठीच्या सवयीने ‘रिंग इन हर फिंगर’ लिहिले, तर अंगठी बोटाच्या मांसात रुतल्यासारखी वाटते. इंग्रजीच्या सवयीने ‘पायांवर बूट’ लिहिले, तर बूट कोणीतरी पावलांवर ठेवून दिल्यासारखे वाटतात.

हा ‘ला’ही लक्षात ठेवण्याजोगा आहे. ‘झाडाला आंबे लागले’ आणि ‘झाडावर पोपट बसला’ यांत मराठीने वाढलेले आणि येऊन बसलेले वेगळे केले आहे. इंग्रजीही येथे भेद करते. फळे ‘ऑन द ट्री’ असतात. पोपट पानांच्या गर्दीत असल्याने प्रायः ‘इन द ट्री’ म्हटला जातो. दोन्ही भाषांनी भेद केला, पण निरनिराळ्या कारणांनी. अशा ठिकाणी शब्दाला शब्द लावणारा हमखास फसतो. ‘पोपट झाडात बसला’ हे मराठी नव्हे.

काळाची गोष्ट

स्थळासाठी वापरली जाणारी हीच रूपे काळासाठीही येतात. येथे ‘ई’ अजून चांगला जिवंत आहे. ‘सकाळी’, ‘सोमवारी’, ‘रात्री’ या तिन्ही रूपांचा प्रत्यय एक. इंग्रजीत मात्र ‘इन द मॉर्निंग’, ‘ऑन मंडे’, ‘ॲट नाइट’ अशी तिन्ही अव्यये हजेरी लावतात. घड्याळाच्या क्षणाला ‘ॲट’, वार आणि तारखेला ‘ऑन’, महिना, ऋतू, वर्ष यांना ‘इन’, हा इंग्रजीचा सर्वसाधारण क्रम आहे. ‘ॲट नाइट’ हा त्यातला अपवाद पाठच करावा लागतो. तारखेसाठी मराठीत ‘रोजी’ हा नेटका शब्द आहे. ‘महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले’ येथे ‘ऑन’, आणि ‘१९६० साली अस्तित्वात आले’ येथे ‘इन’. ‘१ मे १९६० ला’ किंवा ‘१९६० मध्ये’ हे चूक नाही. पण औपचारिक लेखनात ‘रोजी’ आणि ‘साली’ अधिक शोभतात.

खरी मौज ‘इन टेन मिनिट्स’ या पदबंधात आहे. त्याचे मराठीत दोन अर्थ वेगळे करावे लागतात. ‘तिने पत्र दहा मिनिटांत लिहिले’ येथे काम पुरे व्हायला लागलेला अवधी आहे. ‘गाडी दहा मिनिटांनी सुटेल’ येथे आतापासून मोजलेला क्षण आहे. ‘गाडी दहा मिनिटांत सुटेल’ असे म्हटले, तर ती त्याआधीही सुटू शकते, आणि फलाटावर चहा घेणाऱ्याला हा भेद महागात पडतो. इंग्रजीत दोन्हीकडे ‘इन’ चालते. अवधीची कमाल मर्यादा स्पष्ट करावयाची असेल तेव्हा ‘विदिन’ वापरतात. क्वचित दोन्ही भाषा योगायोगाने जुळतातही : ‘ऑन टाइम’ म्हणजे ‘वेळेवर’ आणि ‘इन टाइम’ म्हणजे ‘वेळेत’. अशा जुळण्यावरून नियम मात्र बांधू नये.

एक उतारा

आता एक छोटा उतारा घेऊ. इंग्रजी वाक्ये अशी : ‘माय ब्रदर वर्क्स ॲट अ बँक इन सोलापूर. ऑन संडेज ही इज ॲट होम. लास्ट संडे आय सॉ हिम ॲट द डोअर, विथ अ शॉल ऑन हिज शोल्डर्स अँड नो शूज ऑन हिज फीट. आय विल बी बॅक इन टेन मिनिट्स, ही सेड.’

विद्यार्थी बहुधा असे लिहितात : ‘माझा भाऊ सोलापूरमध्ये एका बँकेमध्ये काम करतो. रविवारी तो घरामध्ये असतो. मागच्या रविवारी तो मला दारावर दिसला. त्याच्या खांद्यांवर शाल होती आणि पायांवर बूट नव्हते. मी दहा मिनिटांमध्ये परत येईन, तो म्हणाला.’

यातील एकही वाक्य अगम्य नाही, आणि म्हणूनच ते फसवे आहे. प्रथम ‘मध्ये’ पाहा. चार ओळींत तो चार वेळा आला आहे. ‘त’ पुरेसा असताना ‘मध्ये’ घालण्याची ही सवय अलीकडे वृत्तपत्रांतून फार फैलावली आहे. माझ्या मते तिच्यामुळे गद्य जड होते. जेथे ‘त’ लावणे अवघड आहे, उदाहरणार्थ ‘जूनमध्ये’ किंवा ‘बसमध्ये’, तेथे ‘मध्ये’ अवश्य वापरावा. ‘बँकेत’ असताना ‘बँकेमध्ये’ कशाला? ‘घरामध्ये असतो’ या वाक्यात तर अर्थच बदलला : सुटीच्या दिवशी भेटू शकणारा भाऊ चार भिंतींत कोंडला गेला. येथे ‘घरी’च हवे.

‘दारावर’ हे रूप अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. पाटी दारावर असते, तो पृष्ठभाग. भाजीवाला दारावर येतो, तो आपला कार्यस्थळाचा ‘वर’. त्यामुळे ‘भाऊ दारावर दिसला’ असे वाचताच तो काही विकायला किंवा मागायला आल्याचा भास होतो. घरचा माणूस ‘दारात’ उभा असतो. बाहेरून येऊन थांबलेला ‘दाराशी’ असतो. इंग्रजीच्या एका ‘ॲट’साठी येथे तीन मराठी रूपे उपलब्ध आहेत, आणि निवड त्या माणसाच्या घराशी असलेल्या नात्यावर ठरते. शाल खांद्यावर ठीक आहे, कारण ती पांघरायची वस्तू. पण तेथे अनेकवचनाची गरज नाही. बुटांसाठी ‘पायात’ हवे. शेवटच्या वाक्यात भाऊ लवकर परतण्याचे आश्वासन देत आहे, क्षण नोंदवीत नाही. म्हणून ‘मिनिटांत’ योग्य, ‘मिनिटांनी’ नव्हे.

एवढा विचार केल्यावर उतारा असा होईल : ‘माझा भाऊ सोलापूरला बँकेत नोकरीला आहे. रविवारी तो घरी असतो. मागच्या रविवारी तो मला दारात उभा दिसला; खांद्यावर शाल होती, पायात बूट नव्हते. “दहा मिनिटांत येतो,” तो म्हणाला.’

क्रियापदांशी किंवा विशेषणांशी बांधली गेलेली अव्यये या विवेचनात आलेली नाहीत. ‘लाफ ॲट’ म्हणजे एखाद्याला हसणे, ‘गुड ॲट मॅथ्स’ म्हणजे गणितात हुशार. येथे आधार आणि आधेय शोधून काही हाती लागत नाही. ती त्या त्या शब्दासह लक्षात ठेवावी लागतात. त्यांचा विचार पुढील घटकात येईल. तत्पूर्वी पुढील वाक्यांचे इंग्रजी करून पाहा आणि प्रत्येक अव्ययाच्या निवडीचे कारण एका ओळीत लिहा : ‘आई नदीवर गेली आहे.’ ‘मुले नदीत डुंबत आहेत.’ ‘आमचे गाव नदीकाठी आहे.’ ‘आजी गावी असते.’ ‘आजोबांच्या डोक्याला रुमाल होता.’ ‘सोमवारी रात्री गाडी दौंडला अर्धा तास थांबली.’